लोखंडाचं तांबं झालं कसं?

भाजीवाल्याच्या तराजूतलं ते काळं, षटकोनी, लोखंडी वजन पाहिलंय ना? अर्ध्या किलोचं घ्या. ते उकळत्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवलं, म्हणजे तेही पाण्याइतकंच तापलं. आता एका स्टीलच्या डब्यात ४०० ग्रॅम साधं पाणी घ्या, त्याचं तापमान २५ अंश. तापलेलं वजन उचललं आणि या डब्यात सोडलं. थोड्या वेळानं पाणी आणि लोखंड दोघांचं तापमान सारखं होईल. किती होईल?

आधी अंदाज करा. कागदावर लिहून ठेवा, म्हणजे मागाहून ‘मला माहीतच होतं’ म्हणायची सोय राहणार नाही.

बहुतेक जण सरासरी काढतात. लोखंड ९८ अंशांवर, पाणी २५ अंशांवर, म्हणून मधोमध साडेएकसष्ट. (९८ का, १०० का नाही, ते पुढे सांगतो.) काही हुशार मंडळी म्हणतात, थांबा, लोखंड ५०० ग्रॅम आहे आणि पाणी ४००च, म्हणजे लोखंडाचं पारडं जड. ते वजनाच्या प्रमाणात हिशेब करतात आणि सांगतात साडेपासष्ट.

खरं उत्तर आहे ३३ आणि ३४ च्या मध्ये कुठेतरी. हात घातला तर पाणी जेमतेम कोमट लागेल. अर्धा किलो लोखंड, नुसतं बोट लावलं तरी चटका देणारं, आणि त्यानं पाणी तापवलं ते साडेआठ अंशांनी!

असं का, हे समजायला एकच गोष्ट लागते. एक ग्रॅम पाण्याचं तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढवायला जेवढी उष्मा लागते, तिला एक कॅलरी म्हणतात. एक ग्रॅम लोखंडाचं तापमान एक अंशानं वाढवायला मात्र ०.११ कॅलरी पुरते, म्हणजे पाण्याच्या नवव्या हिश्श्याइतकी. या आकड्याला त्या पदार्थाची विशिष्ट उष्मा म्हणतात आणि ती c या अक्षरानं दाखवतात. पाण्याची c आहे १, अ‍ॅल्युमिनिअमची ०.२१५, लोखंडाची ०.११, तांब्याची ०.०९५, पाऱ्याची ०.०३३. सगळी मंडळी पाण्याच्या खूपच मागे.

लोखंड लवकर तापतं, कारण त्याला थोडीच उष्मा पुरते. पण याचीच दुसरी बाजू अशी, की ते थंड होताना देतंही थोडीच. तापमान ९८ असलं म्हणून त्याच्याकडे उष्मा खूप आहे असं नाही. तापमान आणि उष्मा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गणितं चुकतात ती बहुतेक वेळा इथेच.

एखाद्या वस्तूनं किती उष्मा घेतली किंवा दिली, ते असं काढतात:

Q = m × c × ΔT

m म्हणजे वस्तुमान, c म्हणजे विशिष्ट उष्मा, आणि ΔT म्हणजे तापमान किती अंशांनी बदललं ते. यातला m × c हा गुणाकार आधीच करून ठेवला तर पुढचं काम सोपं होतं. आपल्या वजनाचा हा गुणाकार ५०० × ०.११ = ५५. म्हणजे ते एक अंशानं उतरलं की ५५ कॅलरी बाहेर पडतात. पाण्याचा ४०० × १ = ४००. आणि डबा? तो विसरून कसं चालेल! पाणी तापलं की त्याला चिकटून असलेला डबाही तापणार. डब्याचं वजन १५० ग्रॅम आणि स्टेनलेस स्टीलची विशिष्ट उष्मा साधारण ०.१२ धरली तर त्याचे झाले १८. म्हणजे पाणी आणि डबा मिळून ४१८.

आता उष्मेचा जमाखर्च मांडायचा. बाहेरून काही आलं नाही आणि बाहेर काही गेलं नाही, तर लोखंडानं जेवढं गमावलं तेवढंच पाण्यानं आणि डब्यानं मिळून कमावलं असणार. शेवटच्या तापमानाला T म्हणू.

५५ × (९८ − T) = ४१८ × (T − २५)

कंसांकडे नीट पाहा. लोखंड ९८ पासून T पर्यंत उतरलं, पाणी २५ पासून T पर्यंत चढलं. दोघांचा ΔT वेगळा आहे. परीक्षेत घाईघाईनं दोन्हीकडे ९८ − २५ लिहिणारे खूप असतात. मग समीकरणात T उरतच नाही आणि ५५ × ७३ बरोबर ४१८ × ७३ असलं काहीतरी कागदावर येतं. असं दिसलं की पेन्सिल खाली ठेवायची आणि कंस पुन्हा लिहायचे.

कंस सोडवले की ५३९० − ५५T = ४१८T − १०४५०. सगळे T एकीकडे आणले की ४७३T = १५८४०. म्हणून T = ३३.४९, म्हणजे साडेतेहतीसच.

ताळा करून पाहू. लोखंडानं दिलं ५५ × ६४.५ = ३५४७.५ कॅलरी. पाण्यानं घेतलं ४०० × ८.५ = ३४०० आणि डब्यानं १८ × ८.५ = १५३, मिळून ३५५३. साडेपाच कॅलरींचा फरक आला, तो ३३.४९ चं ३३.५ केल्यामुळे. असा फरक आला तर घाबरायचं नाही. पण तो पाचाऐवजी पाचशेचा आला, तर मात्र कुठेतरी गफलत आहे. आणखी एक झटपट ताळा: उत्तर २५ आणि ९८ यांच्या मध्येच आलं पाहिजे, आणि ज्याचा m × c मोठा, त्याच्या बाजूला झुकलेलं असलं पाहिजे. इथे पाण्याची बाजू भारी, म्हणून उत्तर २५ च्या जवळ.

कागदावरचं झालं. आता गंमत उलटी करू या. समजा, लोखंडाची विशिष्ट उष्मा आपल्याला माहीतच नाही आणि ती प्रयोगातून शोधून काढायची आहे. प्रयोगशाळेत यासाठी कॅलरीमापी असतो: आत तांब्याचं भांडं, बाहेर उष्मा अडवणारं आवरण, वर झाकण आणि ढवळायला वाकवलेली तार. आपल्याकडे स्टीलचा डबा आणि त्याखाली घडी करून ठेवलेली रद्दी. चालेल.

उकळतं पाणी आणि तापलेलं लोखंड हाताळायचं काम घरातल्या मोठ्यांचं. तुम्ही तापमान वाचा आणि लिहा, खरा प्रयोग तोच आहे. तापमापी स्वयंपाकघरात वापरायचा डिजिटल घ्या, दशांश अंश दाखवणारा. ताप मोजायचा तापमापी उकळत्या पाण्यात घालाल तर तो फुकट जाईल. वजनाला बारीक तार बांधा आणि ते पातेल्यात लोंबकळत ठेवा. तळाला टेकलं तर ते पाण्याहून जास्त तापू शकतं. वजन उलटं करून पाहिलंत तर खाली एका भोकात शिसं भरलेलं दिसेल. वजन नेमकं करून त्यावर सरकारी शिक्का मारायची ती जागा. शिसं आहे म्हणून ते उकळलेलं पाणी ओतून द्यायचं आणि ते पातेलंही पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नाही. एखादं मोडीतलं पातेलं घेतलेलं बरं.

आता ते ९८ चं कोडं. पाणी १०० अंशांना उकळतं हे समुद्रकाठी, म्हणजे मुंबईला किंवा पणजीला खरं. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं जास्त उंचावर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला तर साडेपंचाण्णवच्या आसपास. म्हणून पुस्तकातलं १०० डोळे झाकून लिहायचं नाही. पातेल्यात तापमापी घालून बघायचं आणि जे दिसेल ते लिहायचं. आपण पुण्यात आहोत असं धरू.

प्रयोग सुरू. डब्यातल्या पाण्याचं तापमान दर मिनिटाला लिहायचं आणि पाणी सतत हलकेच ढवळायचं. दुसऱ्या मिनिटाला वजन सोडायचं. समजा, तुमचा तक्ता असा आला:

| वेळ (मिनिटं) | तापमान (अंश से.) |
|---|---|
| ० | २५.० |
| १ | २५.० |
| २ (वजन सोडलं) | २५.० |
| ३ | ३१.४ |
| ४ | ३२.७ |
| ५ | ३२.९ |
| ६ | ३२.९ |
| ७ | ३२.८ |
| ८ | ३२.७ |
| ९ | ३२.६ |
| १० | ३२.५ |

पहिल्या तीन ओळींत काहीच घडत नाही, आणि तेच हवं आहे. पाणी खोलीच्या तापमानाला आहे, ते आपणहून तापत नाही की निवत नाही, याची ती खूण. मग एका मिनिटात जवळजवळ साडेसहा अंशांची उडी. पुढे चढण मंदावते, सर्वांत मोठा आकडा ३२.९ येतो आणि मग उतरण लागते.

बरेच जण ३२.९ दिसताच तक्ता बंद करतात, तेच शेवटचं तापमान धरतात आणि हिशेबाला बसतात. डबाही सोडून देतात. पाहू काय येतं. पाण्यानं घेतली ४०० × ७.९ = ३१६० कॅलरी. लोखंडानं दिली ५०० × c × (९८ − ३२.९), म्हणजे ३२५५० × c. म्हणून c = ३१६० ÷ ३२५५०, साधारण ०.०९७.

आता वरची यादी बघा. लोखंडाचा आकडा ०.११ आणि तांब्याचा ०.०९५. आपलं उत्तर तांब्याला जाऊन चिकटलं! हातातलं वजन काळं आहे, जुनं आहे, त्यावर गंजही आहे, पण हिशेब सांगतोय की हे तांबं. डोळ्यांपुढे लोखंड होतं म्हणून चूक कळली. रंग लावलेला एखादा अनोळखी तुकडा असता तर?

गुणाकार भागाकार सगळे बरोबर आहेत. चूक जमाखर्चात आहे. लोखंडानं दिलेली काही उष्मा आपण जमेला धरलीच नाही, म्हणून लोखंडानं दिलीच कमी असं वाटलं आणि c लहान आली. हरवलेली उष्मा शोधू या.

पहिली सापडते ती डब्यात. त्याचे १८ धरले तर घेतलेली उष्मा ४१८ × ७.९ = ३३०२ होते आणि c येते ०.१०१. तांब्यापासून जरा दूर आलो.

दुसरी हवेत गेली. पुन्हा तक्त्याकडे या, आणि या वेळी सहाव्या मिनिटानंतरच्या ओळी वाचा, ज्या निरुपयोगी समजून लोक लिहीतच नाहीत. दर मिनिटाला ०.१ अंशाची घट, अगदी नियमित. पाणी, डबा आणि लोखंड मिळून एक अंश उतरायला ४७३ कॅलरी जाव्या लागतात. मग ०.१ अंशाला ४७. म्हणजे दर मिनिटाला सुमारे ४७ कॅलरी खोलीच्या हवेला मिळत होत्या. आणि ही गळती सहाव्या मिनिटाला सुरू झालेली नाही. पाणी खोलीपेक्षा गरम झालं तेव्हापासून ती चालूच होती. फक्त तोवर लोखंडाकडून येणारी उष्मा जास्त होती, म्हणून गळती दिसली नाही. पाचव्या आणि सहाव्या मिनिटाला ३२.९ स्थिर दिसतं, तेही फसवं आहे. आलेली आणि गेलेली उष्मा तेवढा वेळ सारखी झाली, इतकंच.

मग गळती झालीच नसती तर तापमान किती चढलं असतं? आलेखाचा कागद घ्या. सहाव्यापासून दहाव्या मिनिटापर्यंतचे ठिपके जोडले की तिरकी सरळ रेघ मिळते. पट्टी लावून ती रेघ मागे वाढवा, तिसऱ्या मिनिटापर्यंत. तिसऱ्याच का? लोखंडानं आपली बरीचशी उष्मा पहिल्या मिनिटाभरातच देऊन टाकली, म्हणून सगळी देवाणघेवाण तेव्हाच उरकली असं मानायचं. रेघ तिथे ३३.२ दाखवते. हेच आपलं सुधारलेलं शेवटचं तापमान. तक्त्यात हा आकडा कुठेही नाही, तापमापीनं तो कधी दाखवला नाही, आणि तरी ३२.९ पेक्षा तोच जास्त खरा.

पुन्हा हिशेब. घेतलेली उष्मा ४१८ × ८.२ = ३४२७.६. लोखंडाचा उतार ९८ − ३३.२ = ६४.८, त्याला ५०० नं गुणलं की ३२४००. भागाकार केला की c = ०.१०६. आता मात्र हे लोखंडच.

पुस्तकातल्या ०.११ ला अजून थोडं कमी पडतं. उरलेली उष्मा कुठे गेली असेल? वजन पातेल्यातून उचलून डब्याकडे नेतानाचे दोन तीन सेकंद आठवा. ओल्या लोखंडावरून वाफ निघताना दिसते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला तब्बल ५४० कॅलरी लागतात, आणि त्या इथे लोखंडाच्या खिशातून जातात. पाव ग्रॅम पाणी असं उडून गेलं की १३५ कॅलरी गेल्या. म्हणजे लोखंड वाटेतच अडीच अंश उतरलं, आणि आपण मात्र ९८ धरून बसलो. ९८ ऐवजी साडेपंचाण्णव घालून बघा, उत्तर ०.११ येतं. वजनात शिसंही थोडं आहे, त्याची c लोखंडाहून बरीच कमी. त्यामुळेही आकडा किंचित खाली येतो.

वाफ होऊ नये म्हणून कुणी ओलंचिंब वजनच झटकन डब्यात टाकेल, तर उलटी पंचाईत. दोन ग्रॅम उकळतं पाणी वजनाला लगडून आलं, तर ते एकटंच १३० कॅलरी घेऊन येतं आणि त्याचं श्रेय लोखंडाला मिळतं. मग c फुगते. म्हणून जाणकार लोक तुकडा पाण्यात बुडवतच नाहीत. ते तो कोरड्या नळीत ठेवतात आणि नळीला बाहेरून वाफ देतात. घरी एवढं जमणार नाही. एकदा झटकून सोडा आणि दुसरा दशांश बरोबर येईल अशी आशा धरू नका.

या सगळ्या हिशेबाची सुरुवात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात झाली. १७६० च्या सुमारास जोसेफ ब्लॅक तिथे शिकवत होते. तेव्हाचे विद्वान म्हणत, उष्मा पदार्थांत त्यांच्या मापाप्रमाणे वाटली जाते. कुणी म्हणे आकारमानाप्रमाणे, कुणी म्हणे वजनाप्रमाणे. ब्लॅकनी पारा आणि पाण्याचा दाखला दिला, त्याचा मूळ प्रयोग फॅरनहाइट यांचा. १०० अंश फॅरनहाइट पाण्यात तेवढ्याच आकारमानाचा १५० अंशांचा पारा मिसळला. आकारमानाप्रमाणे वाटणी असती तर मिश्रण १२५ अंशांवर आलं असतं. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, तेव्हा वजनाप्रमाणे असती तर १४६ च्याही पुढे. ब्लॅकनी दिलेला आकडा आहे १२०. दोन्ही तर्क एकदमच मोडले. प्रत्येक पदार्थाची उष्मा घ्यायची ताकद वेगळी, हे त्यातून कळलं.

आता हे तुम्ही सोडवा. एक घनसेंटिमीटर पाणी आणि तेवढाच पारा घ्या, म्हणजे १ ग्रॅम पाणी आणि १३.६ ग्रॅम पारा. पाऱ्याची c ०.०३३ धरा आणि भांडं सोडून द्या. अंश फॅरनहाइट आहेत म्हणून अडू नका, दोन्हीकडे तेच असल्यामुळे समीकरण तसंच चालतं. पारा मात्र विषारी आहे, तेव्हा हा प्रयोग कागदावरच करायचा. उत्तर साधारण एकशे साडेपंधरा येईल, ब्लॅकच्या १२० हून कमी. हा फरक गळतीमुळे पडला असेल, असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. गळतीनं तापमान खाली येतं आणि ब्लॅकचा आकडा तर वर आहे. तो आकडाच ढोबळ होता.